डब्यावरचा आकडा, बीकरमधला फवारा

सनस्क्रीन स्प्रेचा एसपीएफ मोजताना तो स्प्रे कुणाच्याही अंगावर मारत नाहीत. आमच्या मार्केटिंगमध्ये नव्याने आलेल्या मुलाला हे कळलं, तेव्हा तो चाचणीच्या खोलीतच खुर्चीवर बसला. जाहिरातीत मुलगी दोन्ही हात पसरून उभी आहे, भोवती फवाऱ्याचं धुकं आहे, खाली ‘एसपीएफ ५०’ असं ठळक अक्षरात लिहिलंय, असं चित्र डोक्यात घेऊन तो आला होता. इथे मात्र पांढऱ्या कोटातल्या बाई डब्याचं तोंड बीकरमध्ये घालून बटण दाबत होत्या आणि बीकर झाकून गॅस उडून जाण्याची वाट बघत होत्या. तळाशी उरलेला द्रव त्यांनी बारीक सिरिंजमध्ये ओढला, वजन केलं आणि पालथ्या झोपलेल्या स्वयंसेवकाच्या पाठीवर आखलेल्या चौकोनात ठिपके देऊन बोटाने पसरवला.

“मॅडम, पण हा तर स्प्रे आहे ना?” मुलाने माझ्या कानात विचारलं.

“स्प्रे दुकानात. इथे तो लोशनच,” मी म्हटलं.

सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्या लॅबमध्ये माझं आयुष्य गेलं. दुसऱ्यांच्या नावाने विकली जाणारी क्रीम आणि स्प्रे आम्ही बनवून द्यायचो. डब्यावरच्या नावाशी आमचा संबंध नसे, डब्यातल्या मालाशी असे. त्यामुळे ग्राहकाला सहसा न दिसणाऱ्या दोन गोष्टी मला रोज दिसायच्या: आकडा कसा निघतो आणि बाटली बाहेर गेल्यावर त्या आकड्याचं काय होतं.

आकडा निघतो तो आयएसओ २४४४४ या पद्धतीने. त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम माल, हा तिचा पाया. पाठीवरचा चौकोन ४० चौरस सेंटिमीटरचा असेल तर त्यावर ८० मिलिग्रॅम जातात, आणि ते सगळेच्या सगळे त्वचेवर पोचतात. हवेत काही उडत नाही, फरशीवर काही पडत नाही. पद्धत चुकीची आहे असं माझं म्हणणं नाही. वेगवेगळ्या मालांची तुलना करायची तर थर सारखाच ठेवावा लागतो. फक्त, या मोजमापात नेमका फवाराच वगळलेला असतो आणि ग्राहक पैसे मोजतो ते त्या फवाऱ्याचे.

तो मुलगा हुशार निघाला. परतताना गाडीत त्याने विचारलं, “मग एका हाताला किती मारायला पाहिजे?” दुसऱ्या दिवशी आम्ही ते लॅबमध्ये करूनच बघितलं.

मध्यम बांध्याच्या माणसाचा एक हात, खांद्यापासून बोटांपर्यंत, साधारण १,५०० चौरस सेंटिमीटर भरतो. दोन मिलिग्रॅमच्या हिशेबाने त्याला ३ ग्रॅम सनस्क्रीन लागतं. आता डबा. गॅसवर चालणाऱ्या डब्यातून जे बाहेर येतं ते सगळं सनस्क्रीन नसतं. ब्यूटेन, प्रोपेन, आयसोब्यूटेन अशा वायूंचा त्यात मोठा वाटा असतो आणि तो काही क्षणांत उडून जातो. आमच्या त्या डब्यात गॅस आणि माल जवळपास निम्मे-निम्मे होते. म्हणजे हातावर ३ ग्रॅम राहायचे तर डब्यातून किमान ६ ग्रॅम बाहेर यायला हवेत, तेही एक थेंब वाया गेला नाही तर. त्या व्हॉल्वमधून सेकंदाला साधारण एक ग्रॅम यायचा. म्हणजे एका हाताला सहा सेकंद, बटण न सोडता.

मुलाला डबा दिला आणि म्हटलं, घरी मारतोस तसा मार. खांद्यापासून मनगटापर्यंत एक झोत आणि परत वर एक झोत, की झालं. दोन सेकंद. डब्याचं वजन आधी आणि नंतर काट्यावर केलं, निम्मा गॅस वजा केला, तर जेमतेम एक ग्रॅम माल बाहेर आला होता. त्यातला हातावर किती होता हा पुढचा प्रश्न. हाताखाली काळा कागद ठेवला होता, त्यावर हाताच्या आकाराभोवती छान पांढरट कडा उमटली होती. आजूबाजूला गेलेला तो सगळा माल होता.

“सहा सेकंद कोण मारतं मॅडम?”

कुणीच नाही, खरं तर. आणि त्याचं कारण आळस नव्हे. स्प्रे लगेच थंडगार लागतो, त्वचा ओली चमकते आणि भरपूर लागलं असं वाटतं. तो गारवा अल्कोहोलचा असतो. ते उडून गेल्यावर मागे उरणारा थर डोळ्यांना दिसत नाही. क्रीम कमी लावलं तर बोटाला कळतं. पारदर्शक स्प्रे कमी पडलाय हे संध्याकाळी त्वचा लाल झाल्यावर कळतं, आणि तेही पट्ट्यापट्ट्यांनी. झोताखाली आलेली जागा शाबूत, दोन झोतांमधली भाजलेली. उन्हाने भाजलेल्या पाठीवर असे सरळ कडांचे पट्टे दिसले की स्प्रे मारून तसाच सोडून दिलाय, हे मी न विचारता सांगते.

सोडून देणं हीच खरी गोम. अंगणात सडा घातल्यावर थेंबाथेंबांमध्ये कोरडी जागा राहते, तसं त्वचेवरही होतं. हात फिरवला की थेंब एकमेकांना मिळतात आणि सलग थर होतो. म्हणून ‘चोळायची गरज नाही’ हे वाक्य डब्यावर छापायला आमच्या सरांनी कायम विरोध केला. प्रत्येक वेळी ते वाक्य ग्राहक कंपनीकडून यायचं आणि प्रत्येक वेळी सर ते लाल पेनाने खोडायचे.

लॅबमध्ये निदान वारा तरी नव्हता. वारा म्हणजे काय ते अलिबागजवळच्या एका किनाऱ्यावर बघितलं. जाहिरातीचं शूटिंग होतं आणि माल आमचा म्हणून मला बोलावलं होतं. दुपारी तीनच्या सुमाराला समुद्रावरून वारं सुटलं. दिग्दर्शकाला हवा होता तसा फवारा कॅमेऱ्यात दिसेना, बटण दाबलं की धुकं आडवं होऊन सरळ स्पॉटदादांच्या अंगावर. शेवटी दोन माणसांनी थर्मोकोलचे पांढरे बोर्ड आडवे धरले आणि त्यांच्या आडोशाला तो शॉट झाला. जाहिरात बघणाऱ्याच्या हाताशी असे बोर्ड नसतात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी बाजारातले एरोसोल डबे वाऱ्यात मोजून बघितले, तेव्हा ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्यात सगळ्यात वाईट डब्याचा ९३ टक्के माल त्वचेवर पोचलाच नाही. हे वारं वादळी नव्हे, आपल्या किनाऱ्यावर दुपारी असतंच एवढं.

त्या दिवशी स्पॉटदादा संध्याकाळपर्यंत खोकत होते. त्यांनी खोकल्याचं खापर धुळीवर फोडलं. मी काही बोलले नाही, पण फवाऱ्यातलं काय कुठवर जातं ते मला माहीत होतं.

श्वासाबरोबर आत गेलेल्या थेंबाचं पुढे काय होतं हे त्याच्या आकारावर ठरतं. मोठा थेंब नाकात किंवा घशात अडकतो आणि शिंकेबरोबर नाहीतर खाकरून बाहेर पडतो. १० मायक्रॉनच्या खालचा त्याहून पुढे जातो आणि ५ च्या आसपासचा किंवा त्याहून लहान असला की फुप्फुसाच्या खोल भागापर्यंत पोचू शकतो. तिथे तो धुऊन काढणारी यंत्रणा फार हळू चालते. केसाची जाडी ७० मायक्रॉनच्या आसपास धरली, तर हे थेंब डोळ्यांना दिसणारच नाहीत. दिसतं ते धुकं मोठ्या थेंबांचं. ते विरलं म्हणजे हवा स्वच्छ झाली असं नाही, बारीक थेंब त्यानंतरही तरंगत राहतात.

यात एक चकवा आहे. फवारा व्हॉल्वमधून निघताना थेंब बऱ्यापैकी मोठा असतो. पण त्यातलं अल्कोहोल हवेतच उडायला लागतं आणि वाटेत तो थेंब आक्रसत जातो. डबा जितका लांब धरावा तितका थेंब बारीक होऊन पोचतो, किंवा पोचतच नाही. लेसरने थेंबांचा आकार मोजताना आम्ही डबा जवळ ठेवला आणि मग लांब नेला की आलेख लहान आकाराकडे सरकायचा. म्हणजे फूटभर लांबून ऐटीत मारलेला फवारा दोन्हीकडून तोट्याचा: त्वचेवर कमी आणि हवेत जास्त, शिवाय अधिक बारीक.

अमेरिकेत सनस्क्रीन औषधात मोडतं, आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनात. त्यामुळे याची चिकित्सा तिकडे जास्त झाली. तिथल्या एफडीएने २०११ मध्येच स्प्रेबद्दल माहिती मागायला सुरुवात केली: नीट थर बसतो का, आणि छातीत किती जातं? २०१९ च्या प्रस्तावात त्यांनी आकडेच घातले. बाहेर पडणाऱ्या कणांपैकी किमान ९० टक्के कण १० मायक्रॉन किंवा त्याहून मोठे हवेत आणि ५ च्या खालचा एकही नको. परदेशी माल बनवणाऱ्यांच्या बैठकीत हा कागद फिरला तेव्हा व्हॉल्व पुरवणारे गृहस्थ कपाळ पुसत होते. कारण ‘मऊ, बारीक, रेशमी फवारा’ ही त्यांची विक्रीची ओळ होती.

पंपाच्या बाटलीचं तसं नाही. गॅस नसल्याने तिचे थेंब सहसा जाडे असतात आणि लवकर खाली बसतात. पण एका दाबाला साधारण ०.१ ते ०.२ मिलिलिटरच येतं, म्हणजे एका हाताला पंधरावीस वेळा तरी दाबायला हवं. तिसरा प्रकार आहे तो पिशवीवाल्या डब्याचा. माल आतल्या पिशवीत असतो आणि दाब देणारा वायू पिशवीच्या बाहेर, म्हणून बाहेर येतो तो बहुतेक मालच. ओळखायचं कसं? घटकांची यादी वाचायची. ब्यूटेन, प्रोपेन, आयसोब्यूटेन ही नावं असतील तर गॅस मालात मिसळलेला आहे.

आता मुंबईतल्या एका मालिकेच्या सेटवरची गोष्ट. आउटडोअरचा दिवस होता आणि नायिकेचा पूर्ण मेकअप झालेला. त्यावर दर दोन तासांनी क्रीम चोळणं शक्य नव्हतं, बेस सरकला असता आणि कंटिन्यूइटी गेली असती. म्हणून मेकअपदादांनी एसपीएफवाला मिस्ट घेतला होता. व्हॅनिटी व्हॅनचं दार बंद, एसी चालू, बाईंना “डोळे मिटा” म्हणून सांगितलं आणि चेहऱ्याभोवती गोल फिरवत फवारला. बाईंनी डोळे मिटले, श्वास मात्र नेमका तेव्हाच घेतला. मग जो ठसका लागला तो थांबेना. हेअरदीदीही खोकायला लागल्या. एसी तीच हवा व्हॅनमध्ये फिरवत होता. बाईंना लहानपणापासून दमा आहे हे दादांना माहीत नव्हतं. इनहेलर सापडला, सगळं निवळलं, पण शूटिंग दुपारपर्यंत लांबलं.

त्यानंतर दादांनी मला फोन केला. मी सांगितलेलं त्यांनी तंतोतंत पाळलं, म्हणून तेच इथे सांगते. व्हॅनमध्ये फवारायचं नाही, खाली उतरून उघड्यावर, वारा पाठीमागून किंवा बाजूने घेऊन. चेहऱ्यावर थेट कधीच नाही. तळहात चेहऱ्यापासून लांब, कमरेच्या उंचीवर धरायचा, बाटली त्याच्या अगदी जवळ आणायची, तळहातावर ओलं तळं साचेपर्यंत दाबायचं आणि मग बोटांनी किंवा ओलसर स्पंजने चेहऱ्यावर थापायचं. घासायचं नाही, थापायचं, म्हणजे बेस फारसा हलत नाही. अंगावर मारायचं तर डबा साधारण १० ते १५ सेंटिमीटरवर, त्वचा ओली दिसेपर्यंत झोत, लगेच हात फिरवायचा आणि पुन्हा एक थर. खांदे-मान करताना तोंड दुसरीकडे वळवून श्वास रोखायचा आणि झालं की चार पावलं बाजूला जाऊन मग श्वास घ्यायचा. लहान मुलांवर तर फवारूच नये. आपल्या हातावर घेऊन त्यांना लावावं. ती हलतात, रडतात आणि रडताना खोल श्वास घेतात. घरात दम्याचं माणूस असेल तर मी सरळ क्रीमच घ्यायला सांगते.

दादांनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ताई, मग पावडर बरी ना? तिचा ठसका नाही.”

पावडरीचा कारखान्यातला किस्सा स्प्रेपेक्षाही मजेदार आहे. त्याच आयएसओ पद्धतीत पावडर पाठीवर ब्रशने लावत नाहीत. वजन केलेली पावडर स्पॅच्युलाने किंवा बोटाने चौकोनात ठिकठिकाणी ठेवतात आणि दाबून पसरवतात. ती चिकटावी म्हणून आधी त्वचा पाण्याने ओलसर करायचीही मुभा आहे. ४० चौरस सेंटिमीटरवर ८० मिलिग्रॅम पावडर म्हणजे चांगला लेप होतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आलं होतं. बाजारात हीच पावडर झुपकेदार ब्रशच्या दांड्यात भरून येते आणि बायका ती गालांवरून दोनदा अलगद फिरवतात.

दादांकडे अशी दांडी होती, आत साधारण ४ ग्रॅम पावडर. त्यांना लॅबमध्ये बोलावलं. दांडी काट्यावर ठेवली, दादांनी माझ्या चेहऱ्यावर सेटवर लावतात तशी लावली आणि पुन्हा काट्यावर ठेवली. वजन ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाने उतरलं होतं. त्यातलं थोडं माझ्या खांद्यावर होतं, थोडं टेबलावर. आता चेहऱ्याचं क्षेत्रफळ साधारण ५५० चौरस सेंटिमीटर, म्हणजे पूर्ण मापाला १.१ ग्रॅम हवेत. माझ्या चेहऱ्यावर त्याचा अकरावा हिस्साही नव्हता. डब्यावर ५० लिहिलंय म्हणून सरळ भागाकार केला तरी ४-५ उरतात. प्रत्यक्षात त्याहूनही कमी धरावेत, कारण इतकी विरळ पावडर त्वचेच्या खाचांमध्ये जमते आणि उंचवटे उघडे राहतात.

“म्हणजे पूर्ण मापाने लावली तर ही दांडी चार वेळासुद्धा पुरणार नाही?” दादांनी हिशेब केला. त्या दांडीची किंमत त्यांना पाठ होती, म्हणून त्यांचा चेहरा पडला.

आणि पूर्ण मापाने लावली असती तर मी नाटकातल्या भुतासारखी दिसले असते, हेही त्यांनी लगेच ओळखलं. पावडर त्या मापात कुणी लावूच शकत नाही. म्हणून मी तिला एकटीला सनस्क्रीन मानत नाही. खाली क्रीमचा पुरेसा थर असेल तर वरून ती चकाकी मारते आणि थोडीफार भर घालते. भांगेच्या रेषेवर, जिथे क्रीमने केस तेलकट होतात, तिथे दाबून लावली तर कामाची आहे. याहून जास्त अपेक्षा तिच्याकडून ठेवू नये.

ठसका नाही हेही अर्धंच खरं. या पावडरींमध्ये बहुधा झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असतं. क्रीममध्ये हे कण तेला-पाण्यात बांधलेले असल्याने श्वासाचा प्रश्न येत नाही. सुटे झाले की येतो. टायटॅनियम डायऑक्साइड श्वासावाटे गेल्यास कर्करोगाची शक्यता असलेल्या गटात कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने घातलंय, आणि त्यामागचा मुख्य पुरावा धुळीत ठेवलेल्या उंदरांवरचा आहे. गालावरच्या दोन फटकाऱ्यांनी कुणी घाबरून जायचं कारण नाही. पण युरोपात या दोन्ही द्रव्यांचे नॅनो कण छातीत जाऊ शकतील अशा वापराला मनाई आहे. ती मनाई उगाच घातलेली नाही. मेकअपदादा मात्र दिवसाला कितीतरी चेहऱ्यांवर ब्रश फिरवतात, त्यांचा हिशेब वेगळा. त्यांनी आता ब्रश सोडून पफ घेतला. पफवर पावडर घेऊन दुमडून चोळायची, म्हणजे ती आत मुरते, आणि मग चेहऱ्यावर दाबायची. नायिकेने तोंड मिटून श्वास रोखायचा, तेवढ्यापुरता. ब्रशवर फुंकर मारायची त्यांची जुनी सवय मात्र अजून गेलेली नाही. मी सेटवर असले की तेवढ्यापुरते थांबतात.

स्प्रेची एक गोष्ट सेटवर सगळ्यात आधी सांगायला हवी. आरतीचा सीन असेल तर तबक पेटवण्याआधी स्प्रे पूर्ण सुकलेला हवा. अल्कोहोल आणि गॅस दोन्ही पेट घेतात. २०१२ मध्ये अमेरिकेत एनर्जायझर कंपनीने आपले बनाना बोट नावाचे काही स्प्रे परत मागवले, कारण माल सुकायला वेळ लागत होता आणि ज्योतीजवळ गेलेल्या लोकांना भाजलं होतं. एफडीएने नोंदवलेल्या अशा घटनांमध्ये एकाने फक्त सिगारेट पेटवली होती. २०२१ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनने काही एरोसोल सनस्क्रीन परत घेतले ते निराळ्या कारणाने. त्यात बेन्झीन सापडलं होतं. त्या बातमीनंतर आमच्याकडे गॅसच्या प्रत्येक खेपेचे कागद दोनदा तपासायला लागले.

इतकं सगळं ऐकून मार्केटिंगच्या त्या मुलाने शेवटी वैतागून विचारलं, “मॅडम, मग स्प्रे विकायचाच कशाला?”

त्याला मी अलिबागच्या शूटिंगचे कॅमेरामन दाखवले. अंगभर दाट केस, अर्धी चड्डी, उघडी पाठ आणि दिवसभर उन्हात. क्रीम लावलं की केसांत पांढरे गोळे अडकायचे, म्हणून ते लावायचेच नाहीत. पायांवर स्प्रे जवळून सहा सेकंद, मग केसांच्या उलट दिशेने हात फिरवायचा आणि पुन्हा सहा सेकंद. पाठीला असिस्टंटने मारून द्यायचा आणि चोळायचाही, हे त्याला लाजत लाजत का होईना करावं लागलं. टकलावर तळहातावर घेऊन. दिवसाअखेरीस कॅमेरामन कुठेही भाजले नव्हते आणि १५० मिलिलिटरचा डबा निम्म्याहून जास्त संपला होता.

मुलगा तो डबा हलवून बघत म्हणाला, “हे जाहिरातीत घातलं तर डबे दुप्पट खपतील.”

सरांनी त्याला ताबडतोब पाठिंबा दिला. लाल पेन न उचलता पास झालेली मार्केटिंगची ती पहिलीच ओळ.